कणगी वेगळी, डबा वेगळा

वडील गेल्यानंतर आईच्या पेन्शनचं सगळं मीच बघायला लागलो. बँकेत माझा मोबाइल नंबर दिला, एटीएम कार्ड माझ्या पाकिटात ठेवलं आणि महिन्याला गावी जाताना तिच्या हातावर पैसे ठेवले. आईची काळजी घेतोय असंच वाटत होतं. मग एका फेब्रुवारीत तिचं पेन्शन थांबलं. हयातीच्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती. तशी सूचना माझ्या फोनवर येऊनही गेली असेल, पण कर्जाच्या नि मॉलच्या जाहिरातींच्या ढिगात ती मी कधी पाहिलीच नाही. पेन्शन आलेलं नाही हे मला कळलं दोन महिन्यांनी. आईला तर ते कळण्याचा मार्गच नव्हता, कारण पेन्शन येतं कुठे, कधी आणि किती, यातलं काहीही तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

आमचं गाव भोर तालुक्यात, हिर्डोशी खोऱ्यात. पलीकडच्या वेल्ह्यात (सरकारने तालुक्याचं नाव आता राजगड केलं असलं तरी आमच्या तोंडी वेल्हेच) माझी मावशी राहते, तिचीही हीच गोष्ट. घरातला कर्ता माणूस मुंबईला, पुण्याला नाहीतर शिरवळच्या कारखान्यात. बँक, पोस्ट, लाइट बिल त्याच्याकडे. भात, गुरं आणि घर बाईकडे. तो गेला की मुलगा पुढे होतो आणि म्हणतो, ‘आई, तू राहू दे, मी बघतो.’ आई पैशाच्या व्यवहारापासून लांब राहते ती बहुतेक वेळा याच वाक्यामुळे.

तिला हिशेब येत नाही, हा आपला समज मात्र खोटा असतो. माझी आई चौथी शिकलेली आहे. डेअरीच्या दुधाच्या कार्डावर सकाळचं लिटर, संध्याकाळचं लिटर, फॅट आणि दर रोज लिहिलेले असतात. दहा दिवसांनी बिल आलं की ती कार्डाशी ताडून बघते. एकदा फॅट साडेतीनऐवजी तीन लागला तेव्हा संकलन केंद्रावर जाऊन तिने तो दुरुस्त करून घेतला होता. मी शिकवायला सुरुवात केली ती इथूनच. पासबुक म्हणजे बँकेचं दुधाचं कार्ड, एवढं सांगितल्यावर अर्धं काम झालं. उरली फक्त भाषा: ‘जमा’ म्हणजे आत आलेलं, ‘नावे’ म्हणजे बाहेर गेलेलं आणि शेवटच्या रकान्यात शिल्लक. आमच्या पासबुकात तिथे इंग्रजीत CR आणि DR छापून येतं आणि आकडेही इंग्रजी असतात. मी पुठ्ठ्यावर एका बाजूला १ ते ९ मराठीत आणि शेजारी इंग्रजीत लिहून तो पासबुकाच्या पिशवीत ठेवून दिला. महिनाभराने तिला त्याची गरज राहिली नाही.

आता मुख्य मुद्दा. शिकवण्याआधी पैशाची मांडणी बदला. आमच्याकडे भात कणगीत असतं आणि स्वयंपाकघरात तांदळाचा डबा. रोज कोणी कणगी उघडत नाही. आठवड्याचं काढून डब्यात घालतात आणि डब्याला मुंगी लागली तर नुकसान डब्यापुरतंच होतं. बँकेतही तेच करायचं. पेन्शन आणि दुधाचे पैसे जमा होतात ते खातं कणगी. त्याला यूपीआय जोडायचं नाही, त्याचं एटीएम कार्ड बाहेर फिरवायचं नाही. दुसरं एक साधं बचत खातं काढायचं, दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत, तो डबा. आईच्या फोनमधलं पैसे पाठवण्याचं ॲप फक्त या खात्याला जोडायचं. कणगीतून डब्यात दर महिन्याच्या ५ तारखेला ठरावीक रक्कम आपोआप जावी, असा स्थायी सूचनेचा अर्ज बँकेत देता येतो. आमच्या डब्यात महिन्याला २,००० रुपये जातात. उद्या आईची चूक झाली किंवा कोणी फसवलं, तर जाऊन जाऊन तेवढेच जातील. ही खात्री असली की आई निर्धास्तपणे शिकते, आणि खरं सांगायचं तर मुलगाही निर्धास्तपणे शिकवतो.

ही भिंत मात्र सिमेंटची नाही, शेताच्या बांधासारखी आहे. यूपीआयचं ॲप एखाद्या बँकेतली खाती शोधतं ती मोबाइल नंबरावरून. दोन्ही खात्यांना आईचाच नंबर असला, तर कार्डावरचे शेवटचे सहा आकडे आणि ओटीपी मिळवणारा माणूस कणगीचं खातंही जोडू शकतो. आधारचा ओटीपी वापरूनही पिन तयार करता येतो. म्हणून कणगीच्या खात्याला कार्ड घेऊच नका. असेलच तर बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत सांगून त्याचे ऑनलाइन व्यवहार बंद ठेवा. नंबर मात्र आईचाच हवा. माझी चूक नेमकी तीच होती.

त्या नंबराचं सिम चालू ठेवणं हेही एक कामच आहे. दरीतल्या गावांत एका कंपनीची रेंज येत नाही म्हणून बायका सिम बदलतात आणि जुनं पेटीत पडतं. रिचार्ज न केलेला नंबर काही महिन्यांनी बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला दिला जातो. मग आईच्या खात्याचे संदेश आणि ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जायला लागतात. नंबर बदललाच तर त्याच आठवड्यात बँक आणि आधार दोन्हीकडे नवा नंबर नोंदवून घ्या.

पेन्शनकडे वळू. आईचं पेन्शन वडिलांच्या कारखान्यातल्या नोकरीचं, म्हणजे ईपीएस-९५ चं. पेन्शन घेणारा गेला की पत्नीला त्याच्या निम्मं मिळतं, पण १,००० रुपयांपेक्षा कमी नाही. वडिलांचं २,४८० होतं, आईला १,२४० मिळतं. याला महागाई भत्ता नाही, त्यामुळे आकडा दर महिन्याला तोच असतो आणि हीच त्याची सोय: एकच आकडा पाठ करायचा, त्यात एक रुपयाचा जरी फरक पडला तरी विचारायचं. (शिक्षक किंवा सरकारी कर्मचाऱ्याच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाला महागाई भत्ता असतो, तिथे आकडा वर्षातून एकदोनदा वाढतो. फरकाची रक्कम एकदम जमा झाली तर घाबरू नये.) ईपीएसचं पेन्शन महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत जमा होतं. अपवाद मार्चचा, ते एप्रिल लागल्यावर येतं. ३१ मार्चला ‘पेन्शन आलं नाही’ म्हणून दरवर्षी जी धावपळ होते ती बिनकामाची आहे.

हयातीच्या प्रमाणपत्राचा गोंधळ यापेक्षा मोठा. नोव्हेंबरातच द्यायचं, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. सरकारी पेन्शनला नोव्हेंबर बरोबर आहे. ईपीएसला मात्र वर्षातून कधीही देता येतं आणि दिल्या दिवसापासून ते बारा महिने चालतं. आईचं फेब्रुवारीत होतं आणि मी नोव्हेंबर निघून गेला म्हणून निवांत होतो. मुदत संपली की पेन्शन थांबतं. नवं प्रमाणपत्र दिलं की पुन्हा सुरू होतं आणि थकलेले महिनेही मिळतात, म्हणजे पैसे बुडत नाहीत. आमचे दोन महिन्यांचे २,४८० नंतर एकदम आले.

ते करायचं कसं? आईच्या अंगठ्याचे ठसे कधीच नीट उमटत नाहीत. भातलावणी आणि शेणामातीत चाळीस वर्षं गेलेली बोटं यंत्राला वाचता येत नाहीत. त्यामुळे सेतू केंद्रावर चार खेपा घालण्यापेक्षा चेहऱ्यावरून होणारं प्रमाणपत्र बरं. त्यासाठी स्मार्टफोनवर `AadhaarFaceRD` आणि `Jeevan Pramaan` ही दोन ॲप लागतात. आधी ज्याच्या फोनवरून करायचं त्याने, म्हणजे तुम्ही, ‘ऑपरेटर’ म्हणून आपला चेहरा नोंदवायचा, मग आईची माहिती भरून तिचा. दिवसाच्या उजेडात, तोंड उजेडाकडे करून बसवा. डोळ्यांची उघडझाप करायला सांगितलं जातं, ते तिला आधी सांगून ठेवा, नाहीतर ती फोटोला बसल्यासारखी ताठ बसते. जमलंच नाही तर पोस्टमन घरी येऊन करून देतो.

अर्ज भरताना तीन ठिकाणी चुका होतात. पेन्शनचा प्रकार ‘फॅमिली’ निवडायचा, कारण आई आता कुटुंबपेन्शनधारक आहे. पीपीओ क्रमांक तिच्या स्वतःच्या पेन्शनचा घालायचा, बारा आकडी. वडिलांच्या जुन्या पुस्तकावरचा नव्हे. आणि पुनर्विवाह केला आहे का, या प्रश्नाचं उत्तर नीट वाचून द्यायचं. घाईत ‘हो’ दाबलं गेलं, तर विधवेचं पेन्शन थांबायला तेवढं पुरतं. दुसऱ्याकडून भरून घेत असाल तर शेवटी या तीन जागा त्याला वाचून दाखवायला सांगा. काम झालं की ‘प्रमाण आयडी’ मिळतो, तो तारखेसकट वहीत उतरवायचा. पुढच्या वर्षीची तारीख मात्र आईने ठेवायची. आमच्याकडे ती भिंतीवरच्या कालनिर्णयवर आहे. महिनाभर आधीच्या चौकोनात लाल पेनाने ‘पेन्शन – तोंड दाखवणे’ असं तिनेच लिहिलंय.

बिलांत आमच्या भागात मुख्य म्हणजे विजेचं. महावितरणच्या बिलावर तीन रकमा असतात: लवकर भरल्यास, देय तारखेपर्यंत भरल्यास आणि नंतर भरल्यास. आईला मधली तारीख आणि रक्कम ओळखता आली की पुरे, आणि ग्राहक क्रमांक. तो बारा आकडी असतो आणि कधीच बदलत नाही. ॲपमध्ये एकदा नोंदवून ठेवला की पुढच्या वेळी फक्त बिल उघडायचं, त्यावर वडिलांचं नाव आहे ना ते बघायचं (मीटर अजून त्यांच्याच नावावर आहे) आणि भरायचं.

‘आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर फोन करा’ असा संदेश तिलाही आला होता. कायदा असा आहे की थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तेव्हा ‘आज रात्री’ म्हणणारा कोणीही खोटा. दुसरी खूण पाठवणाऱ्याच्या नावात असते: महावितरणचा संदेश `VM-MSEDCL` अशा नावाने येतो, दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही. आई एवढंच लक्षात ठेवते, ‘नंबरावरून आलं की आपलं नाही.’ याहून सोपं मला सुचलं नसतं.

डिजिटल पैसे द्यायला शिकवताना मी आठवडाभर गावातल्या किराणा दुकानापलीकडे गेलो नाही. रोज एकदा, दहा-वीस रुपये. क्रम ठरलेला: दुकानातला कोड स्कॅन करायचा, स्क्रीनवर आलेलं नाव मोठ्याने वाचायचं, दुकानदाराने ‘हो, माझंच’ म्हटलं की रक्कम टाकायची, रक्कमही मोठ्याने वाचायची, मग पिन. नाव मोठ्याने वाचायला ती आधी लाजत होती. पण कोडवर दुसराच कोड चिकटवलेला असेल तर ते कळण्याची जागा तेवढी एकच असते. पिनबद्दल एकच वाक्य पाठ करून घेतलं: ‘पिन लागतो तो पैसे जायला. यायला पिन लागत नाही.’ ‘तुम्हाला पैसे पाठवतोय, पिन टाका’ म्हणणाऱ्याचं पुढचं बोलणं मग ऐकायची गरजच राहत नाही.

आमच्याकडची खास अडचण रेंजची. पिन टाकला, चक्र फिरत राहिलं, पैसे गेले की नाही कळत नाही. दुकानदार म्हणतो, ‘परत करा, काकू.’ परत करायचं नाही. आधी शिल्लक बघायची. पैसे कापले गेलेत पण समोर पोचले नाहीत, असं झालं तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे माणसाला पाठवलेले दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला दिलेले पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. नाही आले तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेकडून मिळते. दुकानात त्या वेळी उधारी लिहून ठेवायला सांगावी. गावच्या दुकानात अजून तेवढी ओळख चालते.

ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही त्या बायका मिनी बँकेत आधार आणि अंगठा लावून पैसे काढतात. वेल्ह्यात मावशी असेच काढते. तिथे बघायची एकच गोष्ट: ‘अंगठा उमटला नाही, परत लावा’ म्हटलं की आधी पहिल्या वेळची पावती मागायची. व्यवहार फसला असेल तर पावतीवर तसं येतं. पैसे निघूनही ‘उमटला नाही’ सांगितलं असेल तर ते तिथेच उघडं पडतं. पावती देत नाही त्या दुकानात पुन्हा जायचं नाही. एरवी आधारच्या ॲपमधून अंगठ्याची ओळख कुलूपबंद ठेवता येते आणि लागेल तेव्हा थोड्या वेळासाठी उघडता येते. पण ते मुलालाच करावं लागतं आणि त्याचा फोन लागला नाही तर आई दुकानात ताटकळत बसते. म्हणून मावशीच्या बाबतीत मी कुलूप न लावता पावतीवरच भर दिला.

अनुदानाचे पैसे ‘हरवतात’ त्याचंही कारण बहुधा आधारच असतं. आधारवर थेट येणारी रक्कम पासबुकात लिहिलेल्या खात्यात जात नाही, आधारशी शेवटचं जे खातं जोडलं गेलं त्यात जाते. कोणत्या तरी योजनेसाठी मध्येच नवं खातं उघडलेलं असतं, ते विसरलं जातं आणि पैसे तिथे साठत राहतात. `myaadhaar.uidai.gov.in` वर `Bank Seeding Status` मध्ये कुठली बँक जोडलेली आहे ते दिसतं. डबा म्हणून नवं खातं काढलंत की हे लगेच तपासा, नाहीतर कणगीचा माल डब्यात पडायला लागेल.

आता वही. दोनशे पानी, डावं पान कणगीचं, उजवं डब्याचं. आईचं मागच्या जुलैचं डावं पान असं होतं: सुरुवातीला १४,३२०. दुधाची तीन बिलं १,९१०, २,०४० आणि १,७८०. पेन्शन १,२४०. झाले २१,२९०. डब्यात गेले २,०००, पेंडीसाठी काढले ३,०००. राहायला हवे १६,२९०. भोरला जाऊन पासबुक भरून आणलं तर शिल्लक १६,२७२ रुपये ३० पैसे. म्हणजे १७ रुपये ७० पैसे कमी. मी म्हणालो, ‘जाऊ दे, किरकोळ आहे.’ ती म्हणाली, ‘दुधाला अर्धा फॅट कमी लावला तर जाऊ देते का मी?’ पासबुकावर शोधलं तेव्हा ओळ सापडली: एसएमएसचा तिमाही आकार, १५ रुपये आणि त्यावर जीएसटी. चोरी नव्हती, पण काय गेलं ते तिला कळलं. अशाच काही ओळी तुम्हालाही दिसतील. मे अखेरीला २० रुपये कापले गेले असतील तर तो बहुतेक सुरक्षा विमा योजनेचा हप्ता असतो. अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण देणारी आणि सत्तरीपर्यंत चालणारी ही योजना आहे, ती बंद करू नका.

महिन्यातून एकदा पासबुक भरणं आणि वहीशी ताडणं, एवढीच शिस्त. रोजचा खर्च लिहायला लावू नका. मी तो हट्ट केला आणि तीन आठवड्यांत वही चुलीमागे गेली होती.

एवढं करूनही फसवणूक होऊ शकते. सध्या सर्वांत जास्त भीती व्हॉट्सॲपवरून येणाऱ्या फाइलची आहे. नाव जीवन प्रमाणचं असतं, पीएम किसानचं असतं, लग्नपत्रिकेचंही असतं, पण शेवटी `.apk` असतं. ती उघडून ‘इन्स्टॉल’ दाबलं की फोनमधले संदेश, म्हणजे ओटीपी, दुसरीकडे वाचले जातात. पाठवणारा ओळखीचा असला तरी उघडायची नाही, कारण त्याचाच फोन आधी गेलेला असतो. दाबलं गेलंच, तर फोनचं इंटरनेट बंद करायचं (आईला विमानाचं चिन्ह दाखवून ठेवा), शेजारच्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवायचं आणि १९३० ला फोन करायचा. मग `cybercrime.gov.in` वर तक्रार मुलाने करावी. बँकेला कधी कळवलं याला महत्त्व आहे: पिन किंवा ओटीपी आपणच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. बँकेचा फोन नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. पासबुकावरचा नंबर आधीच वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

आणि आई फसली तर तिला रागावू नका. हे मी चांगुलपणा म्हणून सांगत नाही. रागावण्याच्या भीतीने आई दोन दिवस गप्प बसते आणि पैसे अडवता येण्यासारखे असतात ते पहिल्या काही तासांतच.

या आठवड्यात घरी फोन कराल तेव्हा एकच विचारा: बँकेत कुणाचा नंबर दिलाय? तुमचा असेल, तर पुढच्या खेपेला आईला घेऊन शाखेत जा आणि तिचा लावून घ्या. अर्ज एका पानाचा असतो. सोबत आधार आणि पासबुक न्या.